तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?

माझ्या वडिलांच्या आत्या, ज्यांना आम्ही सगळे आत्याआजी म्हणतो, त्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९३२ ही जन्मतारीख आहे. मतदार यादीतल्या वयावरून हिशेब केला तर त्यांचा जन्म १९३५ चा निघतो, आणि त्यांचे मुलगे त्यांचे वय सांगताना दर खेपेला एक-दोन वर्षांची भर घालतात. यातली एकही तारीख कुठल्याही नोंदीवरून आलेली नाही. १ जानेवारी ही तारीख दिसली की अर्ज भरणाऱ्याने केवळ वर्ष विचारले आणि उरलेली जागा भरून टाकली, असे बहुधा समजावे. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर हेच काम १ जूनने केले आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, मूल सहा वर्षांचे दाखवायचे असे, म्हणून गुरुजी सहा वर्षे मागे जाऊन १ जून लिहून मोकळे होत, आणि त्यामुळे महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीचे निम्मे लोक एकाच दिवशी जन्मल्यासारखे वाटतात. आत्याआजी शाळेत गेल्याच नाहीत, त्यामुळे त्यांना १ जूनही मिळाला नाही.

जन्माची नोंद नसलेल्या माणसाचे वय काढण्याची रीत जनगणनेत आणि आरोग्याच्या पाहण्यांत जुनी आहे. त्या भागातल्या, तारीख पक्की ठाऊक असलेल्या घटनांची एक यादी करायची आणि माणसाच्या आठवणी त्या घटनांशी जोडायच्या. याचे कारण असे की नुसते वय विचारले तर लोक शून्यावर आणि पाचावर संपणारे आकडे सांगतात. साठ, पासष्ट, सत्तर या वयांची माणसे जनगणनेत नेहमीच प्रमाणाबाहेर जास्त भरतात, एकसष्ट आणि एकोणसत्तरची मात्र कमी. शिवाय ऐंशी ओलांडल्यावर वय वाढवून सांगण्याकडे कल होतो, कारण त्या टप्प्यावर जास्त वय हा मान असतो. रीत ऐकायला सोपी वाटते: कोयनेचा भूकंप आठवतो का, आठवतो, मग लिहा. प्रत्यक्षात घटनेला फक्त तारीख असते, वय नसते. भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला एवढेच भूकंप सांगतो. त्या दिवशी समोरचे माणूस पाच वर्षांचे होते की पस्तीस, हे त्याला ठाऊक नसते. ते कळण्यासाठी त्या क्षणी त्या माणसाचे शरीर आणि आयुष्य कोणत्या टप्प्यावर होते हे शोधावे लागते, आणि सगळी मेहनत तिथेच आहे. म्हणून ‘अमुक आठवते का’ हा प्रश्न मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. खरा प्रश्न असतो तो ‘तेव्हा तुम्ही केवढ्या होतात, काय करत होतात, अंगावर काय होते, घरात तुमच्याहून लहान कोण होते’ हा.

आत्याआजींचे माहेर कराड तालुक्यातले आणि सासर पाटण तालुक्यातले. त्यामुळे यादी सातारा जिल्ह्याची करावी लागली. अशी यादी प्रत्येक भागाची वेगळी असते. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, मुंबईत १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट या घटना जे काम करतात, ते साताऱ्यात दुसऱ्या घटनांना करावे लागते. चांगली घटना ती, जी एकदाच घडली, थोड्या दिवसांत संपली आणि गावातल्या लहान मुलालाही चुकवता आली नाही. महायुद्ध, रेशन, महागाई या गोष्टी वर्षानुवर्षे चालल्या, म्हणून त्यांच्यावरून फार काही ठरवता येत नाही. दुष्काळाचे तर नावही फसवे असते. ‘दुष्काळात’ म्हणणारे माणूस १९५२-५३ बद्दल बोलत असेल किंवा १९७२ बद्दल. खडी फोडण्याची कामे आणि सुकडीचे वाटप निघाले तर तो १९७२ चा समजावा, आणि हे दोन्ही शब्द आपण सुचवायचे नसतात, ते समोरून यावे लागतात.

कोयनेच्या भूकंपालाही हा धोका आहे. मुख्य धक्का पहाटे चारनंतर बसला, पण त्याआधी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक चांगला जाणवण्याजोगा धक्का बसला होता आणि नंतरही कितीतरी वर्षे जमीन हलत राहिली. म्हणून आत्याआजींना मी भूकंपाबद्दल सांगा म्हटले आणि गप्प बसले. थंडी होती, अंधार होता, सगळे झोपेतून उठून अंगणात पळाले, धाकटा मुलगा अंगावर पीत होता म्हणून त्याला पदराखाली घेतले, आणि थोरली मुलगी चौथीत होती, कारण शाळेची भिंत कोसळल्यावर चौथीचा वर्ग झाडाखाली भरू लागला, हे सगळे त्यांनी आपणहून सांगितले. थंडी आणि पहाट यांनी धक्का पक्का केला. मुलगी चौथीत असण्याने त्यांच्या आयुष्यातली एक कडी हाताशी आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मोठ्या माणसाचे शरीर वय मोजायला उपयोगी पडत नाही. पंचविशीतली बाई आणि पस्तिशीतली बाई भूकंपात सारखीच धावते, सारखेच मूल उचलते. लहानपणी मात्र दर दोन वर्षांनी शरीर आणि कामे बदलत असतात. म्हणून बालपणीच्या घटनांना माणसाचे स्वतःचे शरीर मापासाठी चालते, आणि तारुण्यातल्या घटनांना त्याच्या मुलांचे. ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्या बाबतीत भावंडांची किंवा पुतण्यांची मुले घ्यावी लागतात, आणि पुरुषांच्या बाबतीत पुष्कळदा काहीच हाती लागत नाही, कारण आपले कोणते मूल कधी रांगू लागले हे त्यांना क्वचितच सांगता येते.

थोरली मुलगी डिसेंबर १९६७ मध्ये चौथीत होती, म्हणजे तिचे नाव पहिलीत जून १९६४ मध्ये घातले गेले असणार, नापास झाली नसेल तर. ती नापास झाली नव्हती हे तिनेच थोड्या ठसक्यात सांगितले. म्हणजे जन्म १९५७ किंवा ५८ चा. तिच्या दाखल्यावर १ जून १९५८ आहे, आणि १ जूनवर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते. मग दुसरी घटना घेतली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंडित नेहरू आले होते आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या वेळी मोठी निदर्शने केली होती. साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे गेली, त्यांत आत्याआजींचे यजमानही होते. ते दोन दिवस घरी नव्हते आणि सासूबाई चिडल्या होत्या, कारण सून पोटुशी होती आणि सहावा महिना सरत आला होता. याचा अर्थ मुलीचा जन्म फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्च १९५८ च्या सुमारास. बाळंतपण कोणत्या दिवसांत झाले असे वेगळे विचारले तेव्हा शिमग्याचे दिवस होते असे उत्तर आले. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. चौथीचा वर्ग, प्रतापगड आणि शिमगा या तीन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता आले, म्हणून हा खुंटा मी घट्ट मानला.

पण मुलीचे वय म्हणजे आईचे वय नव्हे. ‘पहिली मुलगी ५८ ची, लग्नानंतर वर्षभरात झाली असेल, तेव्हा आई सोळा-सतराची धरा, म्हणजे १९४१’ असा हिशेब घरातल्या एका शिकलेल्या माणसाने तिथल्या तिथे करून दाखवला. या हिशेबात थोरल्या मुलीला पहिले अपत्य धरले होते, आणि ती पहिली नव्हती. जगलेल्या मुलांत ती थोरली होती. हा फरक विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारताना घरातल्या पुरुषमंडळींना आणि पोरासोरांना बाहेर बसवावे लागते. आत्याआजींनी सांगितले की तिच्या आधी दोन गेली. पहिले दहा-बारा दिवसांचे असताना, दुसरे बसायला लागल्यावर.

ही दोन मुले कोणत्याही कागदावर नाहीत, पण हिशेबात ती थोरल्या मुलीइतकीच महत्त्वाची आहेत. मागे मोजत जाऊ. मार्च १९५८ चे बाळंतपण म्हणजे दिवस राहिले जून १९५७ मध्ये. अंगावर पिणारे मूल असेपर्यंत पुढचा गर्भ राहणे लांबते. मूल गेले की ते कारण उरत नाही आणि काही महिने ते वर्षभरात पुन्हा दिवस जातात. बसायला लागलेले मूल म्हणजे सात-आठ महिन्यांचे. ते १९५६ च्या मध्यापासून १९५७ च्या सुरुवातीपर्यंत कधीतरी गेले असावे, म्हणजे त्याचा जन्म १९५५ चा शेवट ते १९५६ चा मध्य या काळातला. त्याच्या आधीचे मूल तर थोड्याच दिवसांत गेले, म्हणून दोन्ही बाळंतपणांतले अंतर सव्वा ते पावणेदोन वर्षांचे धरले तर पहिले बाळंतपण १९५४ मध्ये किंवा ५५ च्या सुरुवातीला येते. प्रत्येक पायरीला चार-सहा महिन्यांची ढिलाई आहे आणि दोन पायऱ्या उतरल्यावर ती वर्षभराची होते. तरीही ‘लग्नानंतर वर्षभरात १९५८’ या समजुतीपेक्षा आपण चार वर्षे मागे आलो.

मग लग्न कधीचे? इथे मला सगळ्यांत जास्त मदत झाली ती पंचांगाची. खेड्यातल्या त्या पिढीला इंग्रजी वर्षे ठाऊक नव्हती, पण अधिक महिना बरोबर लक्षात असे, कारण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला माहेरी बोलावून वाण द्यायचे असते आणि लग्नानंतरचा पहिला धोंडा कुठलीही बाई विसरत नाही. अधिक महिना सरासरी बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि दर खेपेला वेगळ्या ऋतूत पडतो. १९५० साली अधिक आषाढ होता, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, ऐन पावसात. १९५३ साली अधिक वैशाख, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. १९५५ साली अधिक भाद्रपद, पुन्हा पावसाळी दिवस. आत्याआजींना विचारले की पहिल्या धोंड्याला माहेरी गेलात तो रस्ता कसा होता, तेव्हा त्यांनी पायाला चटके बसत होते, नदीला पाणी नव्हते आणि पात्रातूनच पलीकडे गेलो असे सांगितले. या तीनांपैकी चटके बसण्याजोगा महिना एकच आहे. म्हणून पहिला धोंडा १९५३ चा, आणि लग्न १९५० च्या पावसाळ्यानंतरचे.

दुसऱ्या बाजूने निवडणूक उपयोगी पडली. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ पासून २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. आत्याआजी सांगतात की सासूबाई आणि गावातल्या बायका मिळून पेटीत मत टाकायला गेल्या आणि त्यांना स्वतःला ‘पोरगी’ म्हणून घरी राखणीला ठेवले. पेटी या शब्दाने निकाल लागत नाही, कारण १९५१-५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत नंतर आली. पण १९५७ च्या निवडणुकीपर्यंत त्यांची दोन मुले होऊन गेली होती, आणि दोन बाळंतपणे झालेल्या सुनेला सासरी कुणी पोरगी म्हणत नाही. म्हणजे ती १९५१-५२ चीच निवडणूक, आणि तेव्हा त्या सासरी नांदत होत्या. लग्न १९५०-५१ च्या हंगामात किंवा फार तर १९५१ च्या तुळशीच्या लग्नानंतर लगेच झाले, एवढे आता म्हणता येते.

लग्नाच्या वयाचा मात्र वयाच्या हिशेबात काही उपयोग नाही, कारण दहा वर्षांच्या मुलीचेही लग्न होत असे आणि सोळा वर्षांच्याही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले होते, पण गावात तो फारसा कुणी पाळत नसे. पाळला जाई तो वय सांगताना. ज्याला शरीराचा आधार आहे असा टप्पा म्हणजे न्हाण. त्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलींना ते साधारण तेराव्या ते पंधराव्या वर्षी येई, थोड्यांना बाराव्या किंवा सोळाव्या. हा प्रश्न मी विचारला नाही, माझ्या आईने विचारला. ‘मतं झाली तवा न्हाण आलं नव्हतं, म्हणून तर पोरगी म्हणत हुत्या,’ असे त्या म्हणाल्या, आणि पहिल्या धोंड्याला माहेरी गेल्या तेव्हा ते येऊन गेले होते, कारण त्यानिमित्ताने सासरी झालेल्या समारंभाची हकिकत त्यांनी आपल्या आईला तेव्हाच सांगितली होती. म्हणजे १९५२ च्या सुरुवातीनंतर आणि एप्रिल १९५३ च्या आधी. त्यातून तेरा ते पंधरा वर्षे वजा केली तर जन्म १९३७ ते १९४० या पट्ट्यात येतो. न्हाण आल्यावर पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भ सहसा राहत नाही, त्यामुळे १९५४ च्या आसपासचे पहिले बाळंतपणही या पट्ट्याशी जुळते.

हा पट्टा कोणत्याही तारुण्यातल्या आठवणीने आणखी अरुंद होणार नव्हता. त्यासाठी बालपणीची घटना हवी होती. महात्मा गांधींची हत्या ३० जानेवारी १९४८ ला झाली आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. त्या जाळपोळीची आठवण त्या भागातल्या त्या वयाच्या जवळपास प्रत्येकाला असते. आत्याआजींची आठवण अशी: शेजारच्या गावाच्या बाजूने धूर दिसला, सगळी पोरे टेकाडावर पळाली, त्यांच्या कडेवर धाकटा भाऊ होता आणि पाठची बहीण परकर धरून मागे रडत येत होती.

आठवण पाहिलेली आहे की ऐकलेली, हे इथे आधी तपासावे लागते. ऐकलेल्या आठवणीत माणूस स्वतः कुठे उभा होता हे नसते, आणि कथा पूर्ण असते, कारण ती मोठ्यांनी रचलेली असते. पाहिलेली आठवण अर्धवट असते. आत्याआजींना कुणाचे घर जळत होते, का जळत होते हे तेव्हा कळले नव्हते. धूर, टेकाड आणि हात भरून आलेला, एवढेच होते. याउलट पत्री सरकारच्या गोष्टी, म्हणजे १९४३ ते १९४६ च्या, त्या फार तपशिलाने सांगतात: रात्री दार वाजले, आईने भाकऱ्या बांधून दिल्या, कुठून आले आणि कुठे गेले. मी विचारले की तुम्ही तेव्हा कुठे होतात. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मी निजले असंन की. आई सांगायची.’ ही आठवण मी त्यांच्या नावावर धरली नाही. तिचा दुबळा उपयोग मात्र होतो. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे कुणाला आठवत नाही आणि सहा-सात वर्षांपर्यंतचे तुटक आठवते. १९४३-४४ चे स्वतः पाहिलेले काहीच नाही आणि १९४८ चे स्पष्ट आहे, हे १९३२ साली जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत चमत्कारिक ठरेल, कारण ते मूल १९४३ मध्ये अकरा वर्षांचे असते. पण न आठवणे हा पुरावा नेहमी हलकाच धरावा लागतो.

कडेवरच्या भावावरून याहून जास्त कळते. माहेरच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या गाव नमुना चौदामध्ये, ऑगस्ट १९४६ ची एक नोंद सापडली: वडिलांचे नाव, जात, ‘मुलगा’. त्या नोंदवहीत बाळाचे नाव नसते, कारण नोंद बारशाच्या आधीच होई, म्हणून कोणते मूल हे भावंडांच्या क्रमावरून ओळखावे लागते. हा तोच भाऊ. १९३७ ते १९४१ ची पाने वाळवीने खाल्लेली होती, नाहीतर हे सगळे करावेच लागले नसते. तर फेब्रुवारी १९४८ मध्ये तो दीड वर्षाचा होता. कडेवर घेण्याच्याच वयाचा, टेकाडावर स्वतः चढू न शकणारा. आठवणीच्या एका तपशिलाला अशी बाहेरून साक्ष मिळाली की बाकीच्या तपशिलांवरचा विश्वासही वाढतो. दीड वर्षाचे मूल आठ-नऊ किलोंचे असते. ते कडेवर घेऊन चढणारी मुलगी सात वर्षांहून लहान असणे अवघड आहे. म्हणजे जन्म १९४१ च्या सुरुवातीच्या पलीकडे नाही. पाठची बहीण परकर धरून चालत होती, म्हणजे चार-पाच वर्षांची, १९४३ च्या आसपासची.

वरची बाजू थोरल्या भावावरून बांधली. त्याचे मराठी सातवीपर्यंत शिक्षण झाले होते आणि दाखल्यावर १ जून १९३५ होता. ही तारीख गुरुजींची, पण वर्षात फार तर एकाचा फरक असेल, कारण सहा वर्षांचे मूल आणि आठ वर्षांचे मूल गुरुजींनाही ओळखू येते. थोरला भाऊ १९३५, धाकटा १९४६, आणि मध्ये तीन जन्म: एक मूल जे गेले, आत्याआजी, आणि पाठची बहीण. अकरा वर्षांत चार अंतरे म्हणजे सरासरी पावणेतीन वर्षे. तशीच्या तशी सरासरी लावली तर आत्याआजी १९४० च्या शेवटी येतात. पण गेलेले मूल लवकर गेले असेल तर त्याच्या पाठचे अंतर कमी होते आणि त्या १९३९ कडे सरकतात. बहीण १९४३ ची धरली तरी तेच होते.

आता सगळे पट्टे एकावर एक ठेवले. न्हाणावरून १९३७ ते १९४०. कडेवरच्या भावावरून १९४१ च्या आधी. भावंडांवरून १९३९ किंवा १९४०, आणि थोरल्या भावामुळे १९३७ च्या आधी जवळपास अशक्य. सगळ्यांना मान्य असलेली जागा १९३८ ते १९४० ची उरते, आणि एकच वर्ष लिहायचे झाले तर मी १९३९ लिहिले. आधार कार्डापेक्षा त्या सात वर्षांनी लहान निघाल्या. मुलग्यांना ते आवडले नाही. आत्याआजींना विशेष काही वाटले नाही, पण आपण थोरल्या जावेपेक्षा लहान ठरलो की मोठ्या, एवढे त्यांनी विचारून घेतले.

या सगळ्यात आठवण दर वेळी ज्या बाजूला घसरते ती बाजू ओळखून ठेवावी लागते. दूरच्या घटना माणसे सहसा जवळ ओढतात. तीस वर्षांपूर्वीचे ‘वीसेक वर्षे झाली’ असे सांगतात. म्हणून ‘किती वर्षांपूर्वी’ हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. ‘हे आधी की ते आधी’ हा क्रम मात्र लोक आश्चर्य वाटावे इतका बरोबर सांगतात, आणि वरच्या हिशेबात वर्षाचा आकडा आत्याआजींकडून एकही आलेला नाही. दुसरे विघ्न घरच्यांचे. म्हातारे माणूस बोलू लागले की कुणीतरी शेजारून ‘म्हणजे भूकंपाच्या वर्षी ना गं’ असे म्हणतो, आणि ती घटना त्या क्षणापासून आठवणीत चिकटून बसते. नंतर ती सोडवता येत नाही. म्हणून काही दिवस जाऊ देऊन त्याच गोष्टी उलट्या टोकाने विचाराव्या लागतात. धोंड्याच्या वाटेवर पाणी नव्हते हे मला पहिल्या खेपेला धोंड्याबद्दल विचारताना कळले, आणि दुसऱ्या खेपेला नदीबद्दल विचारताना.

डॉक्टरकडून वय काढता येणार नाही का, असे पुतण्याने विचारले. हाडांच्या क्ष-किरण चित्रांवरून वाढत्या वयाच्या मुलांचे आणि विशीतल्या माणसांचे वय बऱ्यापैकी सांगता येते, कारण तेव्हा हाडांची टोके जुळत असतात. ऐंशीच्या पुढे झीज दिसते, आणि झीज ही किती वर्षे गेली याहून किती ओझी वाहिली याची असते. त्यातून येणारी चूक आमच्या दोन वर्षांच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी मोठी असती.

वहीत मी नुसते १९३९ लिहिलेले नाही. प्रत्येक पट्टा कोणत्या आठवणीवर आणि कोणत्या कागदावर उभा आहे ते शेजारी लिहिले आहे, आणि सगळ्यांत कच्चा सांधा कुठे आहे तेही. तो सांधा म्हणजे गेलेले भावंड. आत्याआजी म्हणतात ते त्यांच्या आधीचे, पण त्यांनी ते पाहिलेले नाही, त्यांना आईने सांगितले आहे. ते त्यांच्या पाठचे असेल, तर भावंडांचा हिशेब त्यांना १९३८ वर नेतो आणि बहीण व त्यांच्यातले अंतर पाच वर्षांचे होते. पाठच्या बहिणीच्या सासरी, चिपळूणकडे, त्यांची एक चुलत नणंद अजून आहे, आणि बहिणीने आपल्या माहेरच्या गोष्टी तिला सांगितल्या असण्याचा संभव आहे. तिला ‘आधी की नंतर’ एवढेच विचारायचे आहे, आत्याआजींचे उत्तर न सांगता.